मदत हवी आहे: फोनवरच शिकणारा मराठी कीबोर्ड, 'तुमचं टायपिंग फोनबाहेर जात नाही' असं लिहिता येईल का?

विहंग_का

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून अँड्रॉइडसाठी मराठी कीबोर्ड करतोय. पुढचा शब्द सुचवणारं छोटं मॉडेल आधी मराठी विकिपीडियावर शिकवलं, पण विकिपीडियाची भाषा आणि लोकांची रोजची भाषा यांत फार अंतर आहे. 'येतोस का' असं कुणी टाइप करायला लागलं की आमचं मॉडेल 'येतो' नंतर 'आणि' सुचवतं.

लोकांचं टायपिंग सर्व्हरवर गोळा करायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. म्हणून फेडरेटेड लर्निंग लावलं. रात्री फोन चार्जिंगला, वायफायवर आणि रिकामा असला की मॉडेल फोनवरच त्या माणसाच्या मजकुरावर थोडं शिकतं आणि फक्त बदललेले आकडे सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर सगळ्यांच्या बदलांची सरासरी काढतो आणि नवं मॉडेल परत पाठवतो. सर्व्हरवर फ्लॉवर ही फेडरेटेड लर्निंगची तयार चौकट आहे, फोनवरचा भाग आम्ही कोटलिनमध्ये लिहिलाय.

शब्दसंग्रह १५ हजारांचा, प्रत्येक शब्दाला ६४ आकडे, वर एक लहान एलएसटीएम, म्हणजे आधीचे शब्द लक्षात ठेवणारा थर. सगळे मिळून साधारण १० लाख आकडे. चाचणीला ३०० च्या आसपास फोन आहेत, रात्रीच्या फेरीत ४०-५० सापडतात.

प्रश्न असा, की ॲपच्या पानावर 'तुमचं टायपिंग फोनबाहेर जात नाही' असं लिहायचंय. ते खरं आहे ना? मजकूर जात नाही हे नक्की, पण आकड्यांवरून कुणी मजकूर ओळखू शकेल का, ही शंका मनातून जात नाही.

गोदाकाठ

लिहा बिनधास्त. १० लाख अपूर्णांकांतून कोण काय वाचणार? वर तुमचं कनेक्शन एन्क्रिप्टेड असेलच. मधे कुणी ऐकत बसलं तरी हाती काही लागणार नाही.

अपर्णा_दे

गोदाकाठ, मधल्या माणसाची काळजी एन्क्रिप्शनने मिटते. पण इथे ज्याच्यापासून जपायचं आहे तो सर्व्हरच आहे आणि त्याच्याकडे आकडे उघडेच पोहोचतात.

विहंग, आधी एक करून बघा. तुमच्यापैकी एकाच्या फोनवरचा एका रात्रीचा बदल, त्याच्या परवानगीने, वेगळा काढा. मॉडेलच्या शेवटच्या थरात प्रत्येक शब्दामागे बायस नावाचा एक आकडा असतो, तो शब्द मुळात किती सुचवायचा हे ठरवणारा. तेवढाच बघा:

```python
d = new["out_bias"] - old["out_bias"]
for i in d.argsort()[::-1][:20]:
    print(vocab[i], d[i])
```

कारण सरळ आहे. शिकताना माणसाने जो शब्द खरंच टाइप केला त्याचा बायस वर ढकलला जातो आणि जो टाइप केला नाही त्याचा जरासा खाली जातो. 'आहे', 'नाही' असे शब्द मॉडेलला आधीच अपेक्षित असतात, म्हणून ते फारसे हलत नाहीत. विरळा शब्द मात्र एकदम वर येतो, आणि माणसाची ओळख तर विरळ्या शब्दांतच असते.

शालिनी_जोगळेकर

मी शिक्षिका आहे, यातलं तांत्रिक मला कळत नाही. पण कीबोर्ड शिकतो म्हणजे माझा बँकेचा पासवर्ड आणि ओटीपीसुद्धा शिकतो का? ते बंद कसं करायचं कुणी सांगेल का? माझा फोन जुना आहे.

अपर्णा_दे

शालिनीताई, पासवर्डचा रकाना आहे हे ॲप कीबोर्डला कळवतं आणि चांगला कीबोर्ड तिथलं काहीच साठवत नाही. ओटीपीचा रकाना मात्र पुष्कळदा साधा आकड्यांचा असतो, तिथे सगळा भरवसा कीबोर्डवर. तुमच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शब्द शिकण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा, आणि गुप्त टॅबमध्ये टाइप केलेलं बहुतेक कीबोर्ड शिकत नाहीत.

विहंग, हे तुमच्यासाठीही महत्त्वाचं. अँड्रॉइड ८ पासून ॲप `IME_FLAG_NO_PERSONALIZED_LEARNING` ही खूण पाठवू शकतं. तिचा अर्थ 'इथलं काही शिकू नकोस' एवढाच, सक्ती नाही, ती पाळणं कीबोर्डच्या हातात. खूण दिसली की तो मजकूर प्रशिक्षणाच्या साठ्यात जाताच कामा नये. आकड्यांचे तुकडेही सरसकट गाळा, सुचवण्यासाठी त्यांचा उपयोग तसाही नाही.

विहंग_का

अपर्णाताई, करून बघितलं. आमच्यातल्या एकाने स्वतःचा फोन दिला. पहिल्या वीस शब्दांत 'थायरॉईड', 'रिपोर्ट', 'उपाशी' आणि 'गोळी' होते. त्याने यादी बघितली आणि म्हणाला, आईची तपासणी होती त्या आठवड्यात. मजकुराचं एक वाक्यही सर्व्हरवर नव्हतं आणि तरी चार शब्दांत सगळी गोष्ट कळली.

आता ते वाक्य लिहायला मन धजत नाही. पुढे काय करावं?

गोदाकाठ

हे मला नवीन होतं, मानलं. मग सिक्युअर ॲग्रिगेशन लावा, प्रश्न मिटला. सर्व्हरला फक्त बेरीज दिसते, एकेकाचा बदल दिसतच नाही.

अपर्णा_दे

लावायलाच हवं, पण त्याने अर्धा प्रश्न मिटतो. ते कसं चालतं ते दोन फोनांवर बघू. एकाचा आकडा ४, दुसऱ्याचा ७. दोघं सर्व्हरला न कळेल असं ९० ठरवतात, एक ते मिळवतो, दुसरा वजा करतो. सर्व्हरला ९४ आणि उणे ८३ मिळतात, ज्यांना एकेकटा काही अर्थ नाही, पण बेरीज बरोबर ११ येते. अडचण येते ती दुसरा फोन मधेच बंद पडला की. मग ते ९० बेरजेत तसेच राहतात. म्हणून त्या गुपिताचे तुकडे आधीच बाकीच्या फोनांकडे ठेवायचे आणि पुरेसे फोन एकत्र आले तरच ते जोडता येतील अशी सोय करायची. २०१७ मध्ये गूगलच्या लोकांनी मांडलेली पद्धत हीच. फ्लॉवरमध्ये SecAgg+ आहे, पण ते पायथनच्या क्लायंटसाठी. कोटलिनचा भाग तुम्हाला लिहावा लागेल आणि त्यात फोन गळण्याचा भागच सगळ्यात जास्त वेळ खाईल.

आता उरलेला अर्धा. पन्नास जणांच्या बेरजेतही 'थायरॉईड' वर आलेला दिसेलच. कुणी टाइप केला ते कळणार नाही, कुणीतरी केला हे कळेल. आणि शब्द एखाद्या वाडीचं नाव असेल, तर कुणी हेही कळल्यातच जमा. त्यावर उपाय एकच. प्रत्येक फोनचा बदल ठरावीक लांबीत छाटायचा आणि बेरजेत मुद्दाम गोंगाट, म्हणजे कसेही निवडलेले आकडे, मिसळायचा.

पण तुमचा हिशेब बघा. छाटण्याची मर्यादा १ धरू आणि प्रत्येक आकड्यात तेवढ्याच प्रमाणविचलनाचा गोंगाट. १० लाख आकड्यांतल्या गोंगाटाची एकूण लांबी १० लाखाच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १०००. सरासरी काढताना ५० ने भागा, २० आली. खरा बदल मात्र फार तर १. विसाला एक असा गोंगाट असेल तर मॉडेल शिकण्याऐवजी बिघडेल. गूगलने स्पॅनिश कीबोर्डसाठी हे केलं तेव्हा एका फेरीत साडेसहा हजार फोन घेतले होते, ते याच कारणाने.

वऱ्हाडकर

मी अकोल्याकडचा. मला ते गोंगाटाचं समजलं नाही, पण एक सांगतो. आमच्या गावात वायफाय कोणाकडेच नाही, सगळे मोबाइलच्या डेट्यावर. वायफायवरचेच फोन शिकत असतील तर तुमचं मॉडेल पुण्या-मुंबईचंच बोलणार. मी 'काहून' टाइप केलं की प्रत्येक कीबोर्ड त्याचं 'कानून' करतो. आमचं कधी शिकणार?

विहंग_का

दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. वायफायची अट लोकांचा डेटा जाऊ नये म्हणून घातली होती, पण त्या अटीने कोण बाहेर राहतं याचा विचार केला नव्हता.

अपर्णा_दे

वऱ्हाडकर, यात दोन गोष्टी आहेत. 'काहून' त्या १५ हजारांत नसेल तर हजार फोनांनी हजार रात्री शिकवलं तरी मॉडेल तो सुचवणार नाही, कारण शब्दांची यादी आधीच ठरलेली आहे. त्यासाठी फेडरेटेड काही नको. तुमच्यासारख्यांनी स्वखुशीने शब्द लिहून द्यावेत आणि विहंगनी ते यादीत घालावेत. मालवणी 'खंय'चंही तसंच.

दुसरी गोष्ट वायफायची, आणि तिचं उत्तर गोंगाटाच्या उत्तरातच आहे. विहंग, शब्दांचे ते ६४ आकडे आणि बायस दोन्ही गोठवा, म्हणजे सार्वजनिक मजकुरावर शिकवून झाले की पुढे हलवूच नका. फोनवर फक्त एलएसटीएम शिकू द्या. तुमच्या मापाचं असेल तर ते साधारण ३३ हजार आकडे. त्याचं वर्गमूळ १८२ च्या आसपास. ५० फोनांत गोंगाट ३.६, तो अजून जड आहे. पण एक फेरी रात्रीत संपवायचा हट्ट सोडून ३०० फोन जमेपर्यंत थांबलात तर ०.६. इथे शिकणं शक्य होतं.

आणि पाठवायचं किती? आधी एका फोनकडून ४ एमबी जात होते, आता १३० केबीच्या आसपास. एवढ्याला वायफायची अट ठेवायचं कारण नाही, चार्जिंगची ठेवा. शब्दांचे थर हलत नसल्याने 'थायरॉईड' थेट वाचता येण्याची वाटही बंद होते. एलएसटीएमच्या बदलावरून मजकूर ओढून काढणं अवघड आहे, पण अशक्य म्हणू नका, विशेषतः कुणी रात्रभरात दोनचारच वाक्यं लिहिली असतील तर. किमान वाक्यांची अट घाला.

गोदाकाठ

एक शंका. सर्व्हर विहंगचा आहे. त्याने उद्या ४९ खोटे फोन उभे केले आणि एकच खरा घेतला, तर बेरजेतून आपले ४९ वजा करून तो एकटा उघडा पडेल की. सिक्युअर ॲग्रिगेशनचा काय उपयोग?

अपर्णा_दे

अगदी बरोबर पकडलंत. गोंगाट सर्व्हरवर मिसळला तर या हल्ल्यापुढे तोही निकामी, सर्व्हर तो मिसळणारच नाही. फोनांनी आपापला थोडा थोडा मिसळून बेरजेत पुरेसा व्हावा अशी पद्धत आहे, पण खोटे फोन आपला वाटा मिसळणार नाहीत आणि गोंगाट तेवढा पातळ होईल. फोन खरा आहे की नाही हे तपासायला शेवटी कुणातरी तिसऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. छोट्या टीमला परवडेल असं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. फोनवरचा कोड खुला ठेवा, म्हणजे नेमकं काय जातं ते बाहेरचा कुणीही तपासू शकेल.

आणखी एक. एकाच ३०० फोनांना प्रत्येक फेरीत घेतलं तर प्रत्येक फेरीत थोडं थोडं उघड होत जातं. मी वर धरलेला गोंगाट पाचदहा फेऱ्यांपलीकडे फार पहारा देणार नाही. फेऱ्या किती करायच्या ते आधी ठरवा.

विहंग_का

या आठवड्यात गोठवून बघतो. पानावर सध्या असं लिहितोय: 'तुम्ही लिहिलेला मजकूर आम्ही गोळा करत नाही. परवानगी दिलीत तर मॉडेलमधले काही बदल तुमच्या फोनवरून आमच्याकडे येतात. त्यांवरून मजकुराचा अंदाज येण्याची शक्यता कमी केली आहे, शून्य नाही.' परवानगीचं बटण सुरुवातीला बंदच ठेवतोय.

गोदाकाठ

शेवटचं वाक्य वाचून निम्मे लोक बटण चालू करणार नाहीत. मग ३०० कुठून आणणार?

शालिनी_जोगळेकर

मी करेन चालू. निदान काय होतंय ते सांगितलंय. फक्त 'मॉडेलमधले बदल' म्हणजे काय ते माझ्यासारखीला कळेल असं लिहा.

वऱ्हाडकर

शब्द कुठं पाठवायचे ते सांगा. माझ्याकडं वहीभर आहेत.