व्हेंडर बदलताना ‘राजीनामा’ लिहून देण्याआधी

> “क्लायंट तोच, टेबल तेच, फक्त व्हेंडर बदलतोय. जुन्याला राजीनामा देऊन नव्याचं ऑफर लेटर घ्या म्हणतात. काही तोटा?”

तोटा ग्रॅच्युइटीत आहे ताई, सही करायची घाई करू नका. मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सहा वर्षं अकाउंट्सला होतो. तीन वर्षांनी व्हेंडर बदलला, मी मुकाट्याने राजीनामा दिला. सोडताना बेसिक १८,००० होता. सलग सेवा धरली असती तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६, म्हणजे ६२,३०० च्या आसपास मिळाले असते. हाती शून्य आलं, कारण कागदोपत्री दोन मालक आणि दोघांकडेही ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं नाहीत. वर सीटीसीत दर महिन्याला ८६६ रुपये ग्रॅच्युइटी म्हणून दाखवत होते, त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून राजीनाम्याऐवजी बदलीचं पत्र मागा. त्यात मूळ रुजू तारीख आणि ‘आधीची सेवा सलग धरली जाईल’ हे वाक्य हवं, आणि खाली नव्या व्हेंडरची सही. तोंडी “होऊन जाईल” उपयोगाचं नाही. करार ठरावीक मुदतीचा असेल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, तेव्हा पत्रात ‘ठरावीक मुदत’ असं लिहिलंय का बघा.

पीएफचं तेवढं अडत नाही, यूएएन तोच राहतो. फक्त जुन्याने पासबुकात शेवटच्या महिन्यापर्यंत भरणा केलाय आणि सोडल्याची तारीख टाकलीय, एवढं तपासा. भरणा राहिला असेल तर क्लायंटच्या एचआरला लेखी कळवा, मुख्य मालक म्हणून ती जबाबदारी त्यांच्यावरही येते.