मदत हवी आहे: फोटोतली झाडाची आकृती, उत्तर जुळतंय पण प्रश्नच अर्धा कापलाय

बांधावरचा_काका: नमस्कार मंडळी. पुतणी दहावीत आहे. शिकवणीच्या सरावपत्रिकेचा फोटो तिला मैत्रिणीकडून मोबाईलवर आला. कागद मधोमध दुमडलेला, वरून सावली पडलेली. मी वरुड तालुक्यात राहतो, बारावी आर्ट्स, त्यामुळे माझी गाडी इथेच अडली. फोटोत जेवढं वाचता येतं तेवढं लिहितो:

"एका पेटीत १० संत्री आहेत, त्यांपैकी ३ किडकी आहेत. एकामागून एक दोन संत्री काढली, पहिले परत ठेवले नाही, तर" ... इथून पुढची ओळ फोटोत आलीच नाही. खाली आकृती अशी:

```
किडके ३/१०  ── किडके २/९
            └─ चांगले ७/९
चांगले ७/१० ── किडके ३/९
            └─ चांगले ?/९
```

प्रश्नचिन्ह मी टाकलंय. तिथला आकडा ५, ६, ८ काहीही वाटतो. पत्रिकेच्या तळाला उत्तर छापलंय ७/१५. पुतणी विचारते, आधी १० आणि मग ९ कसे? आणि ७/१५ कुठून आलं?

पऱ्हाटी_२०: काका, सोपं आहे. एक संत्रं बाहेर काढलं की पेटीत ९ उरतात, म्हणून खाली ९. पहिलं चांगलं निघालं तर ७ मधले ६ चांगले उरले, म्हणून तुमचा आकडा ६. आता खालची फांदी धरून गुणा: ७/१० × ६/९ = ४२/९०, सहाने भागा, ७/१५. छापील उत्तराशी जुळलं. मिटलं काम.

संत्राबाग: मधात बोलतो, माफी असावी. आमच्या इकडे व्यापारी येते, ढिगातले दोन संत्रे उचलते अन् फोडून पायते. दोन्ही चांगले निघाले त भाव ठरते, एक जरी खराब निघाला त भाव पाडते. आता माया ढिगात शेकडा तीस खराब असन, त त्याच्या हाती खराब लागाची शक्यता किती? हे नऊ-दहाचं तिथं लागते काय?

निवृत्त_मास्तर: पऱ्हाटी, ९ आणि ६ बरोबर. ६ ओळखायला एक आणखी खात्रीची खूण आहे. एका ठिकाणाहून फुटणाऱ्या फांद्यांची बेरीज १ झालीच पाहिजे. ३/९ स्वच्छ दिसतोय, म्हणजे दुसरी फांदी ६/९. फोटो कितीही धूसर असो, ५ किंवा ८ तिथे बसूच शकत नाही.

पण "मिटलं काम" एवढ्यात म्हणू नका. तुम्ही जे काढलं ते दोन्ही चांगली निघण्याचं उत्तर आहे. प्रश्न तोच होता कशावरून?

काका, पुतणीला अपूर्णांक बाजूला ठेवायला सांगा. समजा, हाच खेळ ९० वेळा खेळलो. सरासरी २७ वेळा पहिलं संत्रं किडकं निघेल, ६३ वेळा चांगलं. त्या २७ पैकी दोन-नवमांश वेळा, म्हणजे ६ वेळा, दुसरंही किडकं. उरलेल्या २१ वेळा दुसरं चांगलं. आता ६३ कडे या. त्यातले एक-तृतीयांश, म्हणजे २१ वेळा, दुसरं किडकं, आणि ४२ वेळा दोन्ही चांगली. सहा, एकवीस, एकवीस, बेचाळीस, बेरीज नव्वद. फांदीवरून पुढे जाताना वाट्याचा वाटा काढतो म्हणून गुणाकार, आणि वेगवेगळ्या टोकांचे गट एकत्र मोजतो म्हणून बेरीज. आकृतीत याहून जास्त काही नाही.

आता गंमत बघा. "नेमके एक किडके" असा प्रश्न असेल तर मधली दोन टोकं घ्यायची: २१ + २१ = ४२. म्हणजे पुन्हा ४२/९०, पुन्हा ७/१५! ही निव्वळ या आकड्यांची करामत आहे. ३ ऐवजी ४ किडकी घेऊन बघा: दोन्ही चांगली ३०/९०, नेमके एक किडके ४८/९०. लगेच फारकत होते. तेव्हा ७/१५ आलं एवढ्यावरून पोरीला प्रश्न समजला असं धरू नका.

पऱ्हाटी_२०: पण मास्तर, उत्तर तर तेच ना? पेपरात ७/१५ लिहिलं की गुण मिळाले.

निवृत्त_मास्तर: पर्यायी प्रश्न असेल तर मिळतील. रीत लिहायची असेल तर तपासणारा ७/१० × ६/९ बघेल आणि प्रश्नात "नेमके एक" असेल तर तिथेच लाल रेघ मारेल.

बांधावरचा_काका: मास्तर, ९० वेळांचं लगेच कळलं तिला. पण तिच्या वहीत आधी ३/१० × ७/९ = २१/९० लिहून खोडलेलं दिसतंय. तळाच्या उत्तराशी जुळत नाही म्हणून खोडलं म्हणे.

निवृत्त_मास्तर: खोडायला नको होतं, तो अर्धा रस्ता बरोबरच आहे. "आधी किडके, मग चांगले" एवढंच त्यात आलं. "आधी चांगले, मग किडके" राहिलं. प्रश्नात "पहिले किडके व दुसरे चांगले" असा क्रम दिलेला असेल तर मात्र २१/९०च, त्यात काही मिळवायचं नाही. छापील उत्तर ७/१५ आहे म्हणून तो प्रश्न बाद. "कमीत कमी एक किडके" हाही बाद, कारण ते ६ + २१ + २१ = ४८, म्हणजे ८/१५. उरले दोनच: "दोन्ही चांगली" किंवा "नेमके एक किडके". फोटोवरून यापुढे जाता येत नाही.

संत्राबाग भाऊ, तुमचा प्रश्न विसरलो नाही. ढीग हजाराचा धरा, ३०० खराब. पहिला उचलल्यावर ९९९ उरतात, त्यानं फरक नावालाच पडतो. दोन्ही चांगले: ७०० × ६९९ भागिले १००० × ९९९, जवळपास ०.४९. म्हणजे त्याच्या हाती एकतरी खराब लागायची शक्यता शेकडा ५१. दहाच्या पेटीत हेच शेकडा ५३ होतं. तेव्हा तुमच्या ढिगाला सरळ ०.७ × ०.७ करा, चालतं. अट एकच, खराब माल ढिगात सगळीकडे सारखा मिसळलेला हवा आणि त्यानं न बघता उचललेला हवा.

संत्राबाग: न पायता कुठं उचलते तो! वरचेच उचलते, अन् तेही दाबून दाबून.

निवृत्त_मास्तर: मग हे गणित तिथे लागू नाही.

चांदूरची_ताई: माझ्या मुलाच्या दहावीच्या पुस्तकात फांद्या गुणायची रीत नव्हती हो. नमुना अवकाश लिहायचा, घटना लिहायची, भागायचं, एवढंच. शिकवणीवाले पुढचं घुसवतात आणि पोरं घाबरतात.

पऱ्हाटी_२०: ताई, ९० जोड्यांचा नमुना अवकाश लिहीत बसायचं का मग?

निवृत्त_मास्तर: सगळा लिहायची गरज नाही. संत्र्यांना क्रमांक द्या, १ ते ३ किडकी, ४ ते १० चांगली. पहिल्या जागी १० पैकी कोणतंही, दुसऱ्या जागी उरलेल्या ९ पैकी कोणतंही, म्हणून n(S) = ९०. किडकं-चांगलं अशा जोड्या ३ × ७ = २१, चांगलं-किडकं ७ × ३ = २१. n(A) = ४२. दहावीच्या मांडणीत हे बसतं आणि आकृतीशी ताळाही लागतो. शिकवणीत पुढचं घ्यावं की नाही, यावर ताईंशी मी वाद घालणार नाही.

बांधावरचा_काका: मैत्रिणीकडेही तोच कापलेला फोटो आहे. मूळ कागद सरांकडे, आणि सर लग्नाला अमरावतीला गेलेत. तोवर पुतणीनं दोन्ही प्रश्न स्वतःच लिहून सोडवलेत. तिचा आणखी एक प्रश्न: एकामागून एक न काढता दोन्ही संत्री एकदम मुठीत घेतली तर?

निवृत्त_मास्तर: मग क्रम उरत नाही. ९० जोड्यांच्या ४५ होतात, किडकं-चांगलं अशा २१. २१/४५ सोडवून बघायला सांगा तिला.