फोन उचलल्यावर पहिला शब्द: ‘हॅलो’, ‘बोला’, ‘सांगा’ की ‘नमस्कार’?

काउंटरवरची: बेळगावात टिळकवाडीतल्या एका लहान लॅबमध्ये दीड महिन्यापासून काउंटरवर बसते. रिपोर्ट तयार आहे का, उपाशीपोटी यायचं का, घरी येऊन रक्त नेता का, असे सगळे फोन मीच घेते. खानापूर-चंदगडकडचे लोक मराठीत बोलतात, बैलहोंगल-सौंदत्तीकडचे कन्नडमध्ये. फोन उचलेपर्यंत पलीकडे कोण आहे ते कळत नाही. मी आजवर “हॅलो, बोला” म्हणायचे. परवा एका आजोबांनी ‘बोला’ ऐकताच गुडघ्याचं दुखणं सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटांनी कळलं की त्यांना डॉक्टरांचा दवाखाना हवा होता, नंबर चुकला होता. बिचाऱ्यांना सगळं पुन्हा दुसरीकडे सांगावं लागलं. मालक म्हणतात, “गुड मॉर्निंग” म्हण. ‘बोला’ हा शब्द मुळातच उद्धट आहे का? त्याच्या जागी काय म्हणावं?

निपाणीकर: ‘बोला’ हे आज्ञार्थी रूप आहे, म्हणून ते हुकूम दिल्यासारखं वाटतं. ‘बोलावं’ म्हणा. आपल्याकडे ‘सांगा’ म्हणतात तेही टाळा, ते कन्नड ‘हेळ्री’चं सरळ भाषांतर आहे. ‘हॅलो’ तर सोडूनच द्या. ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, तिला त्यानं पहिली हाक मारली, आणि आपण अजून तिचंच नाव घेतोय.

जुनी ऑपरेटर: मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, सुरुवातीची वर्षं ट्रंक बोर्डावर. मार्गारेटची गोष्ट तेव्हाही सांगायचे, पण ती खरी नाही. बेलच्या बायकोचं नाव मेबल हबर्ड, आणि त्याला स्वतःला फोनवर ‘अहॉय’ ही खलाशांची हाक आवडायची. ‘हॅलो’ सुचवलं एडिसननं, १८७७ सालच्या एका पत्रात. त्याचं म्हणणं असं, की बोलावण्यासाठी वेगळी घंटा नको, ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरून ऐकू येतं. म्हणजे या शब्दाचं काम घंटेचं होतं. आजही बोलता बोलता आवाज तुटला की आपण ‘हॅलो? हॅलो?’ करतो, तेव्हा ‘ऐकू येतंय का’ एवढंच विचारत असतो. त्या कामाला तो शब्द उत्तम आहे. स्वागत मात्र त्यात नाही.

‘बोला’बद्दल निपाणीकरांचं अर्धंच पटतं. रूप आज्ञार्थी आहे हे खरं. पण ‘या, बसा, घ्या, जेवा’ हीही आज्ञार्थीच आहेत आणि आपण पाहुण्याचा मान त्यांनीच राखतो. उद्धट असतं ते ‘बोल’. ‘बोला’ खटकतो तो एकटा आला की. आपण कोण हे न सांगता समोरच्याला बोलायला लावलं, तर बिनपाटीच्या दारात उभं करून ‘काय काम?’ विचारल्यासारखं होतं. आजोबांचंही तेच झालं. तुम्ही आधी लॅबचं नाव घेतलं असतं तर ते पहिल्याच वाक्यात थांबले असते. बदलायचा आहे तो क्रम. ‘बोला’ राहू दे.

खडे बाजार: आमचं कापडाचं दुकान आहे, फोन आला की आम्ही मराठीतच बोलतो. आपल्या गावात मराठी बोलायला लाजायचं कशाला?

काउंटरवरची: लाजत नाही हो काका. घरी-दारी मराठीच आहे. पण सौंदत्तीहून एखादी बाई नवऱ्याच्या रिपोर्टसाठी फोन करते, आधीच घाबरलेली असते. तिला माझं पहिलं वाक्य कळलं नाही तर ती फोन ठेवून देते. असं दोनदा झालंय. मला तिचाही फोन घ्यायचाय आणि चंदगडच्या मामांचाही.

जुनी ऑपरेटर: म्हणूनच तुमच्या जागी ‘नमस्कार’ला तोड नाही. मराठीत नमस्कार, कन्नडमध्येही नमस्कार. त्यानंतर लॅबचं नाव, तेही दोन्हीकडे तेच. मग स्वतःचं नाव, आणि तिथेच थांबायचं. इथपर्यंत तुम्ही कुठल्याच भाषेत शिरलेल्या नसता. भाषा ठरते ती शेवटच्या ‘बोला’ किंवा ‘हेळ्री’नं. तो शब्द गाळा आणि नावाचा सूर जरा वर ठेवून सोडा, म्हणजे पलीकडच्याला आपली पाळी आली हे कळतं. तो ज्या भाषेत उत्तर देईल ती धरायची. “नमस्कार, अमुक लॅब, मी सुनीता” आणि पलीकडून “रिपोर्ट बंदेती एन्री?” आलं की तुम्ही कन्नडमध्ये, “रिपोर्ट आलाय काय?” आलं की मराठीत.

‘नमस्कार’ आधी घेण्याला आणखी एक कारण आहे. फोन जोडला जाताना पहिलं अक्षर-दोन अक्षरं पुष्कळदा पलीकडे पोचतच नाहीत, मोबाइलवर तर जास्तच. शिवाय फोन करणारा अजून कानाला लावत असतो. ‘नमस्कार’चा ‘न’ गेला तरी काही अडत नाही, ऐकणारा तो भरून घेतो. लॅबच्या नावाचं पहिलं अक्षर गेलं तर मात्र “कुठली लॅब?” असा प्रश्न हमखास येतो. दिवसातून असं चार-पाच वेळा विचारलं जात असेल तर समजा, आपण उचलल्या उचलल्या बोलतोय. रिसिव्हर कानाला टेकवा, एक श्वास घ्या, मग बोला. आणि लॅबचं नाव सावकाश. तुम्ही ते दिवसात पन्नासदा म्हणता म्हणून जीभ पळते, ऐकणारा पहिल्यांदाच ऐकतो.

‘गुड मॉर्निंग’ वाईट नाही, पण दुपारी साडेबाराला अडखळायला होतं, आणि घाबरलेल्या बाईला त्यावर काय म्हणायचं ते सुचत नाही. नमस्काराला नमस्कार सगळ्यांना येतो.

निपाणीकर: नमस्काराचं पटलं. मार्गारेटचं मी आजवर खरं धरून चाललो होतो. पण ‘सांगा’ कन्नडमधून आलंय यावर मी ठाम आहे.

साताऱ्याची माहेरवाशीण: मी साताऱ्याची, लग्नानंतर शहापुरात आले. आमच्या माहेरी वडील फोनवर ‘हां, सांगा’च म्हणायचे, आणि त्यांना कन्नडचा एक शब्द येत नव्हता. त्यामुळे ते इथलंच असं नाही म्हणता येणार. मला मात्र दोन्हींत फरक जाणवतो. ओळखीच्या माणसाला ‘बोला’, आणि काही काम घेऊन आलेल्याला ‘सांगा’. ‘सांगा’मध्ये मी ऐकायला बसलेय असं येतं.

एक वेगळीच गोष्ट विचारते. इथे सासूबाई, नणंदा सगळ्या ‘मी येतो, मी बोलतो’ म्हणतात. मलाही सवय झालीय. शाळेच्या ऑफिसात फोन घेताना मी “ऑफिसमधून बोलतोय” म्हटलं, तर पुण्याचे एक पालक गोंधळून म्हणाले, “मॅडमना द्या ना.” मी म्हटलं, मीच मॅडम.

काउंटरवरची: माझंही तसंच होतं! घरी ‘बोलायलोय’ म्हणते, काउंटरवर ‘बोलतेय’ म्हणायला जीभ अडते.

जुनी ऑपरेटर: घरचं रूप चुकीचं नाही, आणि बेळगावच्या माणसाला ते आपलं वाटतं. पण ‘मी सुनीता’ इतकंच म्हटलं तर ‘बोलतो’ही नको आणि ‘बोलते’ही नको. क्रियापद गाळलं तरी वाक्य पुरं होतं.

काउंटरवरची: आज सकाळपासून तसंच करून पाहिलं. बावीस फोन आले, “कुठली लॅब?” एकदाच विचारलं गेलं. बैलहोंगलच्या एका ताईंनी “नमस्कार री” म्हणून कन्नडमध्ये सुरू केलं आणि मी त्याच भाषेत पुढे गेले. एक अडचण राहिली. नाव घेऊन मी थांबले की काही म्हातारी माणसंही थांबतात, दोघंही गप्प. मग न राहवून मी ‘सांगा’ म्हणते.

खडे बाजार: मग ‘बोला की’ म्हण, पोरी. आमच्याकडं कुणी गप्प बसत नाही.

निपाणीकर: ‘की’ लावल्यावर आज्ञार्थ मऊ होतो, हे मान्य करावं लागेल. पण चंदगडच्या मामांना चालेल ते पुण्याच्या पालकांना चालेल का?