मदत हवी आहे: एक्झिमात जंतुसंसर्ग, अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड क्रीम

माझ्या चार वर्षांच्या मुलीला लहानपणापासून एक्झिमा आहे. यावेळी गुडघ्यामागचे चट्टे एकदम चिघळले. पाणी सुटलं, त्यावर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, कडेला बारीक पू भरलेले फोड आले. नेहमीच्या क्रीमने काहीच उतार पडेना. ताप नव्हता. डॉक्टरांनी स्टॅफिलोकोकसचा संसर्ग सांगून फ्लूक्लोक्सासिलिन दिलं. ते दिवसातून चार वेळा, तेही रिकाम्या पोटी, आणि चव इतकी कडवट की ती थुंकूनच टाकायची. म्हणून आता सेफालेक्सिन चालू आहे. तिला पेनिसिलिनची अॅलर्जी नाही.

खपल्या सुकल्या, पण लाली आणि खाज तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, स्टिरॉइड क्रीम थांबवू नका. अँटिबायोटिक जंतू मारतं, त्वचेची सूज क्रीमनेच उतरते. हे पटतं, तरी ओलसर जागेवर स्टिरॉइड लावताना हात कचरतो. घरातले तर बंदच कर म्हणतात.

ज्यांच्या मुलांना हे झालंय त्यांनी सांगा: खपल्या गेल्यावर उरलेली लाली एक्झिमाची की अजून संसर्गाची, हे तुम्ही कशावरून ओळखलं? कोर्स संपल्यावर पुन्हा चिघळलं तेव्हा डॉक्टरांनी स्वॅब घेतला का? मॉइश्चरायझरचा जुना डबा मी टाकून दिलाय, कारण बोटांनी त्यात जंतू जातात.

एकसारखे, दुखरे, खोलगट फोड किंवा ताप दिसला तर हर्पिसची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मला माहीत आहे.