मदत हवी आहे: आयसीयूतल्या बैठकीची नोंद कशी लिहून घ्यावी?

डिचोलीकरीण
बाबा ७६ वर्षांचे. सगळा जन्म खाणीवर गेला, फुप्फुसं आधीच अधू. न्यूमोनिया होऊन आज व्हेंटिलेटरवर नववा दिवस. काल डॉक्टरांनी आई, काका आणि मला बसवून पाऊण तास सगळं समजावलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण फाइलीत त्या पाऊण तासाच्या दोनच ओळी उतरल्या: 'प्रकृती गंभीर. डीएनआर. नातेवाइकांना मान्य.' फोटो लिस्बनला भावाला पाठवला, तर तो फोनवर रडायलाच लागला. 'तुम्ही बाबांचे उपचार थांबवले?'

तसं ठरलंच नव्हतं. गुरुवारपर्यंत पूर्ण जोर लावायचा आणि मग परत बसायचं, असं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशा शंभरातले तीस-चाळीस जगतात. भाऊ म्हणतो, 'चाळीस टक्के बरे होतात म्हणजे कमी का?' नोंद परत लिहून मागता येते का? त्यात काय असावं?

साखळीचा_नाना
सही केली असेल तर आता काही बदलत नाही. आणि डीएनआरला कोर्टाची परवानगी लागते, वकील गाठा.

भूलतज्ज्ञ_फोंडा
नाना, दोन्ही तसं नाही. घरच्यांचं मत बदललं तर निर्णय बदलतो, तीही नोंद होते. हृदय थांबल्यास छाती दाबायची नाही, एवढाच डीएनआरचा अर्थ. तो निर्णय उपचार करणारे डॉक्टर घरच्यांशी बोलून घेतात, त्यासाठी आयसीएमआरची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अँटिबायोटिक, व्हेंटिलेटर, रक्तदाबाचं औषध सगळं चालू राहतं. ताई, 'काय चालू राहील' हे वाक्य नोंदीत डीएनआरच्या आधी यायला हवं. ते नसल्यामुळेच तुमचा भाऊ घाबरला.

सुरू असलेला व्हेंटिलेटर काढणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ ची सुधारणा आहे. रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं बघतात आणि मग दंडाधिकाऱ्यांना कळवतात. परवानगीसाठी कोर्टात जावं लागत नाही.

आता आकडा. तीस-चाळीस कशाचे? जिवंत घरी जाण्याचे की स्वतः चालत न्हाणीघरात जाण्याचे? डॉक्टरांना विचारून दोन्ही वेगळे लिहून घ्या. भावाने पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी ऐकलाय.

गुरुवारी काय बघणार, तेही आजच लिहा. व्हेंटिलेटरमधून ऑक्सिजन किती टक्के देतायत? लघवी? गुंगीचं औषध कधी बंद केलं?

डिचोलीकरीण
ऑक्सिजन ६० टक्के. लघवी दिवसाला ३०० मिली. मिडाझोलम परवा बंद केलं, पण अजून डोळे उघडत नाहीत. आई त्यालाच घाबरलीय.

भूलतज्ज्ञ_फोंडा
किडनी मंद असली की मिडाझोलम शरीरात बरेच दिवस रेंगाळतं. दोन दिवसांत जागे झाले नाहीत म्हणून मेंदू गेला, असं कुणी धरू नये. औषध बंद केल्याची तारीख नोंदीत घाला. खुणा साधारण अशा असतात: ऑक्सिजन ४० वर उतरला, रक्तदाबाचं औषध सुटलं, हाक मारल्यावर हात दाबला, तर पुढे चला. रक्तदाबासाठी दुसरं औषध लागलं किंवा डायलिसिसची वेळ आली, तर त्याच दिवशी परत बसा, गुरुवारची वाट बघू नका. नेमके आकडे तुमच्या डॉक्टरांचेच घ्या.

म्हापशाची_सून
आम्ही सासूबाईंना सही करून घरी आणलं होतं. दोन रात्री. शेवटपर्यंत घशात घरघर होती आणि घरी औषध काहीच नव्हतं. तुम्हीही घरीच न्या म्हणेन, पण औषधं लिहून घ्या.

डिचोलीकरीण
ताई, घरी न्यायचं अजून ठरलेलं नाही. पण औषधांचं लक्षात ठेवते.

भूलतज्ज्ञ_फोंडा
एक राहिलं. बाबा स्वतः कधी काही बोलले होते का? त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र असेल तर उत्तमच. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आपलं नोंदवलं, तेव्हापासून लोक विचारायला लागलेत.

डिचोलीकरीण
इच्छापत्र नाही. पण गळ्याला भोक पाडलेल्या मित्राला भेटून आले त्या चवथीला माटोळी बांधताना म्हणाले होते, 'म्हाका अशें दवरूं नाकात.' मला असं ठेवू नका. सुंभाची गाठ मारता मारता, वर न बघता. काल हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

डिचोलीकरीण (रात्री)
डॉक्टरांनी नोंद परत लिहिली, भाऊ व्हिडिओवर होता. घरी जाण्याची शक्यता तीस-चाळीस, स्वतःचं स्वतः करण्याची दहाच्या आसपास, असं वेगवेगळं लिहिलं. बाबांचं वाक्य कोंकणीतच घातलं. ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडणं, गुरुवारआधी नाही. छाती न दाबण्यावर भाऊ राजी झाला, डायलिसिसवर नाही. तिथे 'एकमत झालेलं नाही' असंच लिहिलंय. डायलिसिस सुरूच न करणं मंडळांकडे जातं का?

भूलतज्ज्ञ_फोंडा
त्याच चौकटीत येतं, पण रुग्णालयं वेगवेगळं वागतात. उद्याच विचारा. आणि आई काय म्हणाल्या?

डिचोलीकरीण
आई दोन्ही वेळा काहीच बोलली नाही. डॉक्टरांनी तेही लिहिलंय.