कायमधारा आणि रयतवारी : कायम झाले ते काय आणि कोणासाठी?

सोलापूरची शिक्षिका
इंग्रजी अमलातील सारावसुलीच्या या दोन पद्धतींवर शाळेतील मुलांसाठी मी एक छोटे टिपण लिहीत आहे. ‘कायमधारा पद्धतीत सारा कायमचा ठरल्यामुळे शेतकऱ्याला निश्चिंतता लाभली, तर रयतवारीत सारा वाढत गेल्यामुळे तो कर्जबाजारी झाला,’ असे वाक्य मी लिहिले होते. पण कायमधाऱ्याच्या बंगालमधील कुळांची हलाखी वाचल्यावर त्याची शंका येऊ लागली. ‘कायमधारा’ या शब्दातील ‘कायम’ नक्की कशाला लागू होते?

बार्शीकर
ताई, आपले वाक्य मला बरोबर वाटते. 1793 साली कॉर्नवॉलिसने बंगालचा धारा ठरवला आणि तो पुढे वाढवायचा नाही असे सरकारने स्वतःवर बंधन घालून घेतले. आपल्याकडे रयतवारीत मात्र सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घेई आणि दर तीस वर्षांनी फेरआकारणी व्हायची. जो आकडा वाढत नाही तो देणाऱ्याला सोयीचा, एवढी साधी गोष्ट आहे.

मोहोळचा माजी भूमापक
बार्शीकरांचे म्हणणे सरकार आणि जमीनदार यांच्यापुरते खरे आहे. तिथे धारा देणारा जमीनदार होता, शेत कसणारे कूळ नव्हे. कूळ जमीनदाराला देत असे तो खंड, आणि 1793 च्या ठरावाने खंड काही कायम केला नव्हता. जमीनदाराने प्रत्येक कुळाला पट्टा लिहून द्यावा अशी अपेक्षा कायद्यात होती, पण पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिली. आपल्या सोलापूरकडच्या बोलण्यातही धारा सरकारचा आणि खंड मालकाचा, हा फरक शेतकरी कधी चुकवत नाही. टिपणात मात्र दोहोंना ‘सारा’ म्हटले की सगळा घोटाळा होतो.

आकडे मी सोयीसाठी धरतो. कुळांकडून एका जमीनदाराच्या हाती 11,000 रुपये खंड येतो असे समजा. ठरावाच्या वेळचा हिशेब असा होता की त्यातले दहा हिस्से, म्हणजे 10,000 रुपये, सरकारला आणि एक हिस्सा, म्हणजे 1,000 रुपये, जमीनदाराला. पुढे पडीक जमीन लागवडीखाली आली, भाव चढले आणि खंड 22,000 रुपयांवर गेला, तरी सरकारचा आकडा 10,000 रुपयेच राहिला. वाढलेले 11,000 रुपये जमीनदाराच्या घरात गेले, आणि ते आले कुळांच्याच खळ्यावरून. सुरुवातीच्या काळात जमीनदारावरही बेतले, हे खरे. ठरल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत भरणा झाला नाही तर मालमत्ता लिलावात जाई, आणि अनेक जुनी घराणी अशी बुडाली. पण त्यावर उपाय काय काढला, तर 1799 च्या कायद्याने कुळाचे पीक आणि गुरे जप्त करण्याचे अधिकार जमीनदाराला दिले. सलग बारा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला हक्काचे काही संरक्षण मिळायला 1859 साल उजाडावे लागले, आणि ते अधिक भक्कम झाले 1885 च्या कायद्याने.

माढ्याचा शेतकरी
माझ्या सातबारावर आकार सहा रुपये चाळीस पैसे आहे आणि माझ्या वडिलांच्या वेळेपासून तो तेवढाच आहे. मग आमचाही कायमधाराच म्हणायचा का? शिवाय भोगवटादार वर्ग 2 लिहिलेले आहे, ते वर्ग 1 कसे करून घ्यावे? आणि यंदा आमच्या गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली, तर आकार कमी होईल का?

मोहोळचा माजी भूमापक
वर्ग 2 चे काम तहसील कार्यालयात विचारा, कारण जमीन आपल्याला कोणत्या शर्तीवर मिळाली यावर ते अवलंबून असते. इथे ते सुटणार नाही. आकार मात्र चर्चेतलाच आहे. तो आकडा रयतवारीच्या आकारणीतून आलेला आहे, कायमधाऱ्यातून नव्हे. फेरआकारणी झाली नाही म्हणून तो तसाच राहिला, एवढेच. तो कधी बदलायचा नाही असे वचन कोणी दिलेले नाही.

आपण म्हणता ती आणेवारी पिकाची, दरवर्षीची. जुन्या मोजणीतले आणे जमिनीचे होते. तेहतीस फुटांच्या साखळीने शेत मोजायचे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मग शेतात ठिकठिकाणी खणून मातीचा रंग आणि खोली पाहायची. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, तशीच माती हातभर खोल असेल तर दहा आण्यांची, पाऊण हात असेल तर आठ आण्यांची. चुनखड, वाळू, उतार किंवा पाणी साचण्याचा दोष निघाला की प्रत येणार खाली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या फसलेल्या आकारणीनंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 पासून शेजारच्या इंदापुरात ही रीत बसवली आणि पुढे ती आपल्या जिल्ह्यातही आली. गणित असे : सोळा आण्यांच्या जमिनीला एकरी एक रुपया दर धरला, तर आठ आण्यांच्या वीस एकरांना वर्षाला दहा रुपये आकार.

बार्शीकर
म्हणजे आकारणी जमीन बघून होत होती. मग रयत बुडाली कशी?

मोहोळचा माजी भूमापक
दर चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरून ठरत असे, म्हणून साधारण तुटीच्या वर्षी सूट मिळत नसे. कागदावर ही सरासरी निर्दोष दिसते. पण हस्ताचा पाऊस चुकला आणि शाळू करपला, तर ते दहा रुपये त्याच वर्षी रोख भरायचे. मागच्या सुगीची ज्वारी पेवात उरलेली असेल तरच सरासरीचा उपयोग. नसेल तर सावकार. आणि रयतवारीने शेतकऱ्याला दिलेला विकता-गहाण टाकता येणारा भोगवटा हेच सावकाराचे तारण झाले. बंगालात कूळ निघाले जमीनदाराच्या जप्तीने, आपल्याकडे शेतकरी निघाला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने.

सोलापूरची शिक्षिका
मग 1875 साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्याचे कारण फेरआकारणी म्हणावे की सावकारी?

बार्शीकर
फेरआकारणीच. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, त्या तेजीच्या सुमारास इंदापूरकडे नवे दर ठरले आणि पुढे भाव उतरले. वाढ फार झाली हे सरकारलाही जाणवले होते, म्हणून तर 1874 साली गावांच्या एका गटासाठी शेकडा 33 आणि एका गावासाठी शेकडा 66 अशी वाढीची मर्यादा घातली.

मोहोळचा माजी भूमापक
मला ते अर्धेच पटते. दंगेखोरांनी जाळले ते सावकारांकडचे कर्जरोखे, आणि 1879 चा कायदा पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी झाला तोही कर्जाच्या दाव्यांसाठीच. वाढीव आकारामुळे कर्ज किती फुगले आणि जुन्या व्याजामुळे किती, हे गावागावाचे रोखे पाहिल्याशिवाय कोणी ठामपणे सांगू नये.

बार्शीकर
सारा झेपत नसेल तर राजीनामा देऊन सर्व्हे नंबर सोडता येत होता ना? तसे असेल तर सक्ती कशी म्हणायची?

मोहोळचा माजी भूमापक
सुरुवातीच्या वर्षांत ती मोकळीक खरी होती, कारण पडीक जमीन मुबलक होती; एक नंबर सोडून दुसऱ्याची कबुलायत लिहून देता येई. पुढे बहुतेक शिवार नांगराखाली आले. मग सोडलेला नंबर घ्यायला दुसरा कोणी तरी उभा असे, बहुधा सावकारच, आणि सोडणारा त्याच शेतावर त्याचे कूळ होऊन खंड देऊ लागे.