मदत हवी आहे : कुलूप उघडण्याचा मिनीगेम दहाव्या कुलपापर्यंतच कंटाळवाणा का होतो?

साकोलीकर

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात राहतो आणि गोडो इंजिनमध्ये एक लहान स्टेल्थ खेळ तयार करत आहे. जुन्या मालगुजारी वाड्यात रात्री शिरून जमिनीचे कागद मिळवायचे, एवढीच कथा आहे. वाड्यात पंचवीसेक कुलपे आणि दोन पहारेकरी आहेत. कुलूप उघडण्याची पद्धत ‘फॉलआउट 3’ आणि ‘स्कायरिम’मध्ये आहे त्या धर्तीची ठेवली आहे : तार 0 ते 180 अंशांच्या अर्धवर्तुळात कुठेतरी ठेवायची आणि कुलूप फिरवून पाहायचे. तार योग्य जागेच्या जितकी जवळ असेल तितके कुलूप जास्त फिरते, आणि पूर्ण 90 अंश फिरले की उघडते. अडल्यानंतरही जोर देत राहिले तर तार तुटते.

धान कापणीनंतर घरी आलेल्या भावंडांना हा खेळ खेळायला दिला. पहिली चार-पाच कुलपे त्यांनी उत्सुकतेने उघडली, पण दहाव्या कुलपापर्यंत सगळे कंटाळले. म्हणून योग्य जागेची रुंदी 12 अंशांवरून 4 अंशांवर आणली. त्याने तारा जास्त तुटू लागल्या, कंटाळा मात्र तसाच राहिला. एक गोष्ट विचित्र वाटली म्हणून नोंदवतो : माझा आतेभाऊ प्रत्येक कुलपाला तार आधी अगदी डाव्या टोकाला नेतो. का, ते त्याला सांगता येत नाही, पण सर्वांत लवकर कुलूप तोच उघडतो.

सध्याचे सूत्र असे आहे :

```
var open = 1.0 - abs(angle - target) / 180.0
if abs(angle - target) <= width / 2.0:
    open = 1.0
```

कुलूप किती कठीण असावे, हे कशावरून ठरवावे?

वऱ्हाडी_गडी

दादा, मास्टर दर्जाच्या कुलपाला घाबरू नका, ‘स्कायरिम’मध्ये कौशल्य कमी असले तरी ते उघडता येते. तार तुटली तरी योग्य जागा बदलत नाही, त्यामुळे नवी तार त्याच जागेवर आणून थोडे इकडे-तिकडे सरकवावे. मी बाहेर पडण्याची घाई न करता खिशातल्या सगळ्या तारा एकाच पेटीवर खर्च केल्या होत्या आणि पेटीत थोडी नाणी निघाली. तुमचे नेमके कोणते कुलूप अडले आहे?

साकोलीकर

धन्यवाद, परंतु माझे कुलूप अडलेले नाही. मी स्वतःच कुलूप तयार करत आहे.

रात्रपाळी

माझ्या मते 4 अंशसुद्धा जास्तच आहेत. 2 अंश करा आणि वर दहा सेकंदांची उलटी गणती लावा. खेळाडूला घाम फुटला पाहिजे, घाम फुटला की कंटाळा येत नाही. शिवाय प्रत्येक कुलपाला गुण द्या, म्हणजे मुले सगळी कुलपे उघडतील.

अनुजा_वर्धा

आपला आतेभाऊ हुशार आहे, आणि उत्तर त्याच्या त्या सवयीतच आहे. आपले सूत्र कुलपाचे गुपित पहिल्याच प्रयत्नात सांगून टाकते.

समजा, योग्य जागा 130 अंशांवर आहे आणि खेळाडूने तार मधोमध 90 वर ठेवली. अंतर 40, म्हणून `open` सुमारे 0.78 येते आणि कुलूप जवळजवळ 70 अंश फिरते. ते पाहून एवढे कळते की जागा 50 वर तरी आहे किंवा 130 वर तरी. म्हणजे पुढचे एक-दोन प्रयत्न आणि काम संपले. आता तार 0 वर ठेवून पाहा : कुलूप 25 अंश फिरेल. डाव्या टोकाच्या पलीकडे काहीच नसल्याने दुसरी शक्यताही उरत नाही. जागा 130 च्या आसपास आहे, हे एकाच प्रयत्नात कळले. भावाला सूत्र ठाऊक नाही, पण हाताला ते कळले आहे. इतरांनाही पाच कुलपांत असेच काहीतरी सापडले असणार. त्यानंतर कुलूप हे कोडे उरत नाही, केवळ हाताचे काम उरते, आणि रुंदी कमी केल्याने ते काम अधिक किचकट झाले, एवढेच.

कुलपाने दुरून काहीही सांगू नये. जवळ आल्यावरच बोलावे, पण मग स्पष्ट बोलावे. त्यासाठी रुंदीखेरीज आणखी एक आकडा लागेल. मी त्याला ‘पोहोच’ म्हणते.

```
var d = max(abs(angle - target) - width / 2.0, 0.0)
var open = clamp(1.0 - d / reach, 0.0, 1.0)
```

सोप्या कुलपासाठी रुंदी 10 आणि पोहोच 30 धरा. योग्य जागेच्या दोन्ही बाजूंना मिळून 70 अंशांच्या पट्ट्यातच कुलूप थोडेतरी हलेल, बाकी 110 अंशांत मुळीच हलणार नाही. खेळाडूला आधी अंधारात चाचपावे लागेल : 35, मग 105, मग 145, एवढ्यात सगळे अर्धवर्तुळ झाकले जाते. पट्टा सापडायला सरासरी दोनच्या आत प्रयत्न लागतात. पुढे अंतर कळते पण बाजू कळत नाही, म्हणून आणखी एक किंवा दोन. एकूण तीन-चार.

आता कठीण कुलूप. येथे बहुतेक जण रुंदी आवळतात. त्याऐवजी रुंदी 8 ठेवा आणि पोहोच 10 वर आणा. पट्टा 28 अंशांचा होतो, तो सापडायला सरासरी जवळजवळ चार आणि वाईटात वाईट सात प्रयत्न लागतात, वर बाजू ठरवण्याचे एक-दोन. रुंदी 4 आणि पोहोच 12 घेतली तरी पट्टा 28 चाच राहतो आणि प्रयत्न तेवढेच लागतात, फक्त शेवटी तार 4 अंशांत नेमकी बसवण्याचा त्रास वाढतो. माऊसवर तो चालून जातो, जॉयस्टिकवर चालत नाही. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ 2018 मध्ये आला तेव्हा कंट्रोलरवर कुलूप उघडणे इतके जड जात होते की पुढे पॅच काढून सोपी पद्धत द्यावी लागली.

तार तुटण्याचा हिशेबही तपासा. कुलूप अडलेले डोळ्यांना दिसून बोट उचलायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. जोर सहन करण्याची मुदत त्याहून कमी ठेवली तर तार खेळाडूच्या चुकीने तुटत नाही, आपल्या आकड्याने तुटते, आणि खेळणाऱ्याला ते लगेच जाणवते. आपली मुदत किती आहे?

साकोलीकर

कठीण कुलपांना 0.2 सेकंद ठेवली आहे. तारा का तुटत होत्या, ते आता लक्षात आले. आज संध्याकाळी वीज राहिली तर नवे सूत्र घालून भावंडांना पुन्हा बसवतो. रात्रपाळी यांनी सुचवलेल्या उलट्या गणतीबद्दल आपले मत काय आहे?

अनुजा_वर्धा

दडपण हवे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे; परंतु आपल्याकडे पहारेकरी असताना कुलपावर वेगळे घड्याळ कशाला? ‘थीफ’मध्ये (1998) कुलूप उघडताना जग थांबत नाही. पावलांचा आवाज येत राहतो आणि कुलपाला किती वेळ लागेल याला त्यामुळेच अर्थ येतो. ‘बायोशॉक’च्या पहिल्या भागात (2007) हॅकिंगच्या वेळी सगळे थांबते आणि खेळाडू निवांत नळ जोडत बसतो, दुसऱ्या भागात (2010) जग चालू ठेवून सरकत्या काट्याचा छोटा खेळ दिला. स्टेल्थ खेळाला दुसरी रीत शोभते.

आपल्या वाड्यात एका प्रयत्नाला तार हलवण्यासह सव्वा सेकंद धरला तर कठीण कुलपाला साधारण सहा-सात सेकंद लागतील आणि नशीब फुटके असेल तर अकरा. पहारेकऱ्याची फेरी वीस सेकंदांची असून त्यांपैकी बारा सेकंद तो दाराआड असेल, तर खेळाडूचे काम बहुधा होईल, पण खात्री राहणार नाही. मात्र अर्धवट सोडून लपावे लागले, तर परत आल्यावर योग्य जागा तीच राहिली पाहिजे. चाचपून मिळवलेली माहिती त्याच्याकडून काढून घेऊ नका.

गुणांचे मात्र जपून करा. ‘ड्युस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन’च्या मूळ आवृत्तीत (2011) हॅकिंगला अनुभवगुण मिळत, पण सापडलेला संकेतांक टाइप केला तर ते मिळत नसत. परिणामी संकेतांक हाती असूनही लोक हॅक करत बसत. आपल्या वाड्यात किल्ली शोधणाऱ्याचे नुकसान होता कामा नये.

रात्रपाळी

घड्याळाचे मान्य आहे, पण रुंदीचे पटले नाही. शेवटच्या तिजोरीला हात थरथरलाच पाहिजे. तेथे 8 अंश म्हणजे दार उघडेच टाकण्यासारखे आहे.

अनुजा_वर्धा

एकाच तिजोरीपुरते कदाचित चालेल. पंचवीस कुलपांना नको.

कळमेश्वर_कोड

थोडे बाजूचे, पण याच प्रकारचे. मी ‘फॉलआउट’मधल्या संगणकासारखा शब्द ओळखण्याचा हॅकिंग मिनीगेम मराठीत करतो आहे : पडद्यावर सारख्या लांबीचे शब्द, चार संधी, आणि चुकल्यावर किती अक्षरे जागच्या जागी जुळली त्याचा आकडा. देवनागरीत तो आकडाच खोटा येतो. उत्तर ‘चावडी’ असताना खेळाडूने ‘चिवडा’ निवडला, तर वाचणाऱ्याला फक्त मधला ‘व’ जुळलेला दिसतो, म्हणजे 1. माझा प्रोग्राम मात्र 3 सांगतो, कारण तो काना-वेलांटी सुटी मोजतो आणि च, व, ड तिन्ही जुळवतो. ‘कापूस’ आणि ‘कणीस’ दोन्ही वाचायला तीन अक्षरी आहेत, पण प्रोग्रामच्या हिशेबी त्यांची लांबीही वेगळी आहे. भावंडांनी माझाही खेळ सोडून दिला. अवघड म्हणून नव्हे, तर आकड्यावर विश्वास बसला नाही म्हणून.

अनुजा_वर्धा

शब्द थोडे असतील तर सर्वांत सोपे म्हणजे प्रत्येक शब्द आपणच तोडून ठेवा, `["चा", "व", "डी"]` असा, आणि तुकडे जुळवा. जोडाक्षराचा एकच तुकडा करा. मात्र अशाने जुळणी फार क्वचित होईल, कारण मराठीत बाराखडीमुळे तुकड्यांचे प्रकारच खूप आहेत. तीन अक्षरी शब्दांत बहुतेक वेळा 0 येईल, आणि 0 फारशी मदत करत नाही. व्यंजन जुळले पण मात्रा वेगळी, यासाठी वेगळा दुसरा आकडा दाखवावा का, हे मी स्वतः करून पाहिलेले नाही.

कळमेश्वर_कोड

दोन आकडे दाखवले तर चार संधींत कोडे फार सोपे होईल, अशी भीती आहे. शब्द पाच अक्षरी घेऊन पाहतो, परंतु असे नेहमीच्या वापरातले शब्द पुरेसे मिळतील का, याची शंका आहे.

साकोलीकर

रुंदी 8, पोहोच 10 आणि तार तुटण्याची मुदत 0.4 सेकंद असे करून तिघांना खेळवले. आतेभावाने सवयीप्रमाणे तार डाव्या टोकाला नेली, कुलूप हलले नाही, आणि तो प्रथमच थांबून पडद्याकडे पाहू लागला. पंधराव्या कुलपापर्यंत कोणी उठले नाही. नवी अडचण अशी की आता तिघेही ठरलेल्या अंतराने, डावीकडून उजवीकडे ओळीने चाचपतात. काही कुलपांना जुनी, लांब पोहोच ठेवून मिसळ करावी, की अर्धवर्तुळात कोठेतरी खोटा अडथळा ठेवावा, जो थोडा हलतो पण उघडत नाही?

अनुजा_वर्धा

खोटा अडथळा ठेवायचा असेल, तर त्याचा आवाज खऱ्यापेक्षा वेगळा ठेवा, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला तो ओळखता येईल. आवाजात फरक नसेल तर ती फसवणूक वाटते. मिसळ आधी करून पाहा, त्यात फक्त दोन आकडे बदलावे लागतात.